साखरेचा भाव, दोन दुकानं आणि कैद्यांचा पेच

एका गल्लीत समोरासमोर दोन किराणा दुकानं आहेत, एक कोपऱ्यावर आणि दुसरं त्याच्या समोर. दोघंही सुटी साखर विकतात. दोघांची खरेदी एकाच घाऊक बाजारातून होते, त्यामुळे हमाली आणि टेम्पोचं भाडं धरून साखर दोघांनाही किलोमागे ४० रुपयांना पडते. आजूबाजूच्या घरांना महिन्याला मिळून १००० किलो साखर लागते. भाव दोन-चार रुपयांनी खालीवर झाला म्हणून कुणी चहात जास्त साखर घालत नाही, तेव्हा एकूण खप तेवढाच राहतो. गल्ली कल्पनेतली आहे आणि आकडे समजायला सोपे म्हणून घेतले आहेत. पण हिशेब सगळा खरा करायचा आहे, कारण गेम थिअरीत, म्हणजे दुसरा काय करेल यावर आपला निर्णय कसा ठरतो याच्या अभ्यासात, चुका होतात त्या बहुतेक हिशेब न मांडल्यामुळे.

आधी दोनच भाव धरू, ४६ आणि ४४. दोघांनी ४६ लावला तर गिऱ्हाईक निम्मं-निम्मं वाटलं जातं. प्रत्येकी ५०० किलो खप, किलोमागे ६ रुपये सुटतात, म्हणजे महिन्याला ३००० रुपये. दोघांनी ४४ लावला तरी खप निम्माच, पण सुटतात किलोमागे ४ रुपये, म्हणजे २०००. आता एकाने ४६ ठेवला आणि दुसऱ्याने ४४ केला तर? दोन रुपयांसाठी बरेच लोक रस्ता ओलांडतात, सगळे नाही. काहींची उधारीची वही जुन्या दुकानात असते, काहींना रस्ता ओलांडायचा कंटाळा असतो. समजा ८०० किलो स्वस्त दुकानाकडे गेली आणि २०० किलो महाग दुकानाकडे राहिली. स्वस्त विकणाऱ्याला ३२०० मिळतात आणि महाग विकणाऱ्याला १२००.

हे सगळं एका तक्त्यात मांडू. प्रत्येक चौकटीतला पहिला आकडा कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा महिन्याचा नफा, दुसरा समोरच्याचा.

| | समोरचा ४६ ठेवतो | समोरचा ४४ करतो |
|---|---|---|
| कोपऱ्यावरचा ४६ ठेवतो | ३०००, ३००० | १२००, ३२०० |
| कोपऱ्यावरचा ४४ करतो | ३२००, १२०० | २०००, २००० |

आता कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या जागी बसून विचार करा. सकाळी शटर उघडून पाटीवर भाव लिहायचा आहे आणि समोरचा काय लिहिणार ते माहीत नाही. समोरच्याने ४६ लिहिला असेल तर मला ४६ ला ३००० मिळतात आणि ४४ ला ३२००, म्हणजे ४४ बरा. समोरच्याने ४४ लिहिला असेल तर ४६ ठेवून माझ्या हाती १२०० येतात आणि ४४ केला तर २०००. पुन्हा ४४ च बरा. समोरचा काहीही करो, माझं उत्तर बदलत नाही. अशा पर्यायाला डॉमिनंट स्ट्रॅटेजी म्हणतात. समोरचाही नेमका असाच विचार करतो, आणि महिनाअखेरीस दोघांच्या गल्ल्यात २०००-२००० असतात. ३०००-३००० ची चौकट त्याच तक्त्यात होती, दोघांनाही दिसत होती, आणि तरीही दोघं तिथे पोचले नाहीत.

यात कुणी मूर्खपणा केलेला नाही, कुणी हावरटपणाही केलेला नाही. दोघांनी आपापल्या जागी बरोबर हिशेब केला आणि दोन बरोबर हिशेबांची बेरीज दोघांच्याही तोट्याची झाली. ‘प्रिझनर्स डायलेमा’ किंवा कैद्यांचा पेच म्हणजे नेमकं हेच.

हा खेळ मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर या दोन गणितज्ञांनी १९५० मध्ये अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेत मांडला. त्याला कैद्यांची गोष्ट जोडली ती आल्बर्ट टकर यांनी त्याच वर्षी, मानसशास्त्रज्ञांपुढच्या एका व्याख्यानात. दोन आरोपी वेगवेगळ्या कोठड्यांत आहेत, पुरावा कच्चा आहे. दोघं गप्प राहिले तर दोघांनाही किरकोळ शिक्षा. एकाने कबुली देऊन दुसऱ्याला अडकवलं तर कबुली देणारा सुटतो आणि दुसऱ्याला मोठी शिक्षा होते. दोघांनी कबुली दिली तर दोघांनाही मधली शिक्षा. ‘गप्प राहणं’ म्हणजे आपल्या गल्लीतले ४६ आणि ‘कबुली देणं’ म्हणजे ४४.

आता इक्विलिब्रियम, म्हणजे समतोल. जॉन नॅश हे प्रिन्स्टनमध्ये टकर यांचेच विद्यार्थी. १९५० च्या आपल्या प्रबंधात त्यांनी समतोलाची जी व्याख्या मांडली, ती वापरायला अतिशय सोपी आहे. तक्त्यातल्या एका चौकटीवर बोट ठेवा आणि प्रत्येक खेळाडूला वेगवेगळं विचारा: ‘दुसरा आहे तिथेच राहणार असेल, तर तू एकट्याने बदल करशील का?’ दोघांचंही उत्तर ‘नाही’ आलं तर ती चौकट म्हणजे नॅश समतोल. एकाचंही ‘हो’ आलं तर नाही.

आपल्या तक्त्यावर ही चाचणी लावून बघा. दोघं ४६ वर असताना कोपऱ्यावरचा म्हणतो, ‘समोरचा ४६ वरच राहणार असेल तर मी ४४ करीन, मला २०० रुपये जास्त मिळतात.’ म्हणजे ही चौकट समतोल नाही. एक ४६ आणि एक ४४ अशा चौकटीत महाग विकणारा लगेच खाली येईल, कारण १२०० चे २००० होतात. उरली ४४-४४. तिथून एकटा वर गेलेला २००० वरून १२०० वर येतो, म्हणून कुणी हलत नाही. हाच समतोल.

‘समतोल’ म्हटलं की काहीतरी न्याय्य, दोघांच्या सोयीचं आणि म्हणून चांगलं असं मनात येतं, आणि परीक्षेत बरीच मुलं तसंच लिहून येतात. नॅश समतोलाला चांगल्या-वाइटाशी देणंघेणं नाही. जिथून एकट्याने हलण्यात कुणाचाच फायदा नाही अशी ती जागा आहे, एवढंच. ती जागा दोघांसाठीही वाईट असू शकते, आणि वर तसंच झालं आहे.

आता एक गोष्ट जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दोन दुकानांनी भाव पाडले की लोक लगेच ‘हा प्रिझनर्स डायलेमा’ असं म्हणून मोकळे होतात. तसं म्हणण्याआधी आकडे भरून बघावे लागतात. समजा या गल्लीत ४६ आणि ४३ हे दोनच भाव शक्य आहेत. ४३ ला किलोमागे ३ रुपये सुटतात. समोरचा ४६ वर असताना कोपऱ्यावरच्याने ४३ केला आणि ८५० किलो खपवली, तर त्याला मिळतात २५५०. पण ४६ वर नुसता बसून त्याला ३००० मिळतच होते! गल्लीतली सगळीच्या सगळी १००० किलो साखर त्याच्याकडे आली असती तरी ३००० च झाले असते. मग भाव पाडायचा मोहच उरत नाही. ४६-४६ ही चौकट समतोल ठरते. दोघं ४३ वर असतील तर प्रत्येकाला १५०० मिळतात, आणि एकटा ४६ वर गेला तर त्याच्याकडे १५० किलो राहून ९०० मिळतात, म्हणून ४३-४३ हाही समतोल आहे. एकाच खेळात दोन समतोल, एक चांगला आणि एक वाईट. इथे प्रश्न फसवणुकीचा राहत नाही, विश्वासाचा होतो: समोरचा ४६ वर राहील याची खात्री आहे का? हा प्रिझनर्स डायलेमा नव्हे, समन्वयाचा खेळ आहे. दुकानं तीच, साखर तीच, पण खेळ वेगळा.

ओळखायची खूण अशी. भाव पाडल्यावर किलोमागे जे सुटतं त्याने आत्ताच्या नफ्याला भागा. ४४ साठी ३००० भागिले ४, म्हणजे ७५०. भाव पाडून ७५० किलोच्या वर खप गेला तरच मोह आहे. ४३ साठी हाच आकडा १००० येतो, आणि तेवढी साखर गल्लीत आहेच जेमतेम. व्यवस्थापकाने डिस्काउंट जाहीर करण्याआधी हा भागाकार करावा. मार्जिन बारीक असलेल्या धंद्यात मोठी सूट देऊन खप बराच वाढला तरी पैसे कमी येऊ शकतात, हे त्यात आधीच दिसतं.

पण तुमच्या मनात शंका आली असेल: भाव दोनच का? पाटीवर ४५ ही लिहिता येतो. बरोबर आहे. तक्त्यात कोणते पर्याय घेतले यावर उत्तर ठरतं, म्हणून रुपया-रुपयाने उतरत बघू. एका रुपयाच्या फरकाने समजा ७०० किलो स्वस्त दुकानाकडे जाते आणि ३०० महाग दुकानाकडे राहते. दोघं ४६ वर आहेत, प्रत्येकी ३०००. एकाने ४५ केला तर ७०० किलोवर ५ रुपये, म्हणजे ३५००. मोह आहे, आणि ४४ पेक्षाही मोठा. दुसरा मागोमाग ४५ वर येतो, दोघांना २५००. तिथून ४४ केला तर ७०० गुणिले ४, म्हणजे २८००, तोही मोह आहेच. दोघं ४४ वर आले की प्रत्येकी २०००. तिथून ४३ केला तर २१००. शंभरच रुपये जास्त, पण जास्त. दोघं ४३ वर, प्रत्येकी १५००. आता ४२ केला तर? ७०० गुणिले २, म्हणजे १४००. इथे पहिल्यांदा भाव पाडणाऱ्याचा तोटा होतो. घसरण ४३ वर थांबते. वर चढायलाही वाव नाही, कारण एकट्याने ४४ केला तर ३०० किलोवर ४ रुपये, म्हणजे १२००.

ज्या ४६-४६ ला मघाशी आपण पक्का समतोल म्हटलं, तो मधले भाव खुले होताच कोसळला. मोठी उडी परवडत नव्हती, पण लहान पायऱ्यांनी दोघं त्याच ४३ वर येऊन पोचले. भावयुद्धं बहुतेक अशीच होतात. एका दिवसात कुणी तीन रुपये पाडत नाही.

ही घसरण ४० पर्यंत, म्हणजे खरेदीभावापर्यंत का गेली नाही? जोसेफ बर्ट्रांड या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये दाखवलं होतं की माल हुबेहूब सारखा असेल आणि थोड्याशा फरकानेही सगळं गिऱ्हाईक स्वस्त विकणाऱ्याकडे जात असेल, तर दोन विक्रेतेही भाव खर्चापर्यंत खाली आणतात. आपल्या गल्लीत एका रुपयासाठी सगळे हलत नाहीत. ३०० किलोचं गिऱ्हाईक चिकटून राहतं, आणि किलोमागचे ते तीन रुपये याच चिकटून राहण्यातून येतात. उधारी, घरपोच माल, ‘काकू, नवा तांदूळ आलाय बघा’ असं नावानिशी सांगणं, हे सगळं त्या ३०० ला चिकटवून ठेवण्याचं काम करतं. समतोलातला भाव वर उचलायचा दुकानदाराच्या हातातला खरा उपाय हाच.

दुसऱ्या बाजूने एक गोष्ट भाव आणखी खाली ओढते. साखरेला आलेलं गिऱ्हाईक नुसती साखर घेऊन जात नाही. महिन्याची यादीच घेऊन येतं, त्यात डाळ, तेल, साबण, चहापत्ती. समजा साखरेच्या प्रत्येक किलोमागे बाकीच्या वाणसामानावर आणखी २ रुपये सुटतात. मग दुकानदाराच्या दृष्टीने साखरेचा खर्च ४० नाही, ३८ आहे, आणि वरची सगळी शिडी दोन रुपयांनी खाली सरकते. घसरण ४३ ऐवजी ४१ वर थांबते. बाकी सामानावर ४ रुपये सुटत असतील तर ती ३९ वर थांबेल, म्हणजे खरेदीभावाच्याही खाली. समोरचा साखर तोट्यात विकतोय म्हणून तो वेडा आहे असं समजू नये. तक्त्यात आपण त्याचा अर्धाच नफा भरलेला असतो.

इतका वेळ आपण हा खेळ एकदाच खेळला जातो असं धरलं. पण ही दुकानं रोज सकाळी उघडतात. पुन्हा पहिल्या तक्त्याकडे जाऊ. कोपऱ्यावरच्याने एक महिना ४४ करून २०० रुपये जास्त कमावले. पुढच्या महिन्यात समोरचाही ४४ वर आला आणि तिथेच राहिला, तर कोपऱ्यावरच्याचे ३००० चे २००० होतात, दरमहा. आजच्या २०० साठी दर महिन्याचे १००० घालवायचे. दुकान पुढे चालू राहणार असेल तर हा व्यवहार कुणी करणार नाही. म्हणून एकमेकांशी चकार शब्द न बोलताही दोन शेजारी दुकानं वर्षानुवर्षं एकाच भावाला विकत राहू शकतात, आणि तेही समतोलच असतं. ‘तू पाडलास तर मीही पाडीन’ ही न बोललेली धमकी त्याला धरून ठेवते.

ही धमकी दोन ठिकाणी सैल पडते. एक, जेव्हा शेवट ठरलेला असतो. समोरच्याला मार्चअखेर जागा खाली करून द्यायची असेल तर मार्चमध्ये त्याला कशाची भीती? तो भाव पाडणार. मार्चमध्ये पाडणारच हे दोघांनाही माहीत असेल तर फेब्रुवारीत सांभाळून राहण्याला अर्थ उरत नाही, आणि कागदावर हा तर्क मागे मागे थेट आजपर्यंत येतो. माणसं मात्र इतकी मागे जात नाहीत. फ्लड आणि ड्रेशर यांनी १९५० मध्येच दोन जाणत्या माणसांना हा खेळ १०० वेळा खेळायला लावला होता. एक अर्थशास्त्रज्ञ आर्मेन आल्चियन, दुसरे गणितज्ञ जॉन विल्यम्स. फेऱ्या किती ते दोघांना ठाऊक होतं, तरी १०० पैकी ६० फेऱ्यांत दोघांनीही एकमेकांना सांभाळून घेतलं.

दुसरी सैल जागा जास्त व्यावहारिक आहे: फसवणूक दिसतच नाही तेव्हा. पाटीवरचा भाव रस्त्यापलीकडून वाचता येतो. पण पाटीवर ४६ लिहून नेहमीच्या गिऱ्हाइकाला बिलात ४४ लावला, किंवा पाच किलोवर काडेपेट्यांचा पुडा फुकट दिला, तर ते कसं कळणार? कोपऱ्यावरच्याला एवढंच दिसतं की या महिन्यात आपली साखर ५०० ऐवजी ४०० किलो गेली. समोरच्याने गुपचूप भाव पाडला, की मे महिन्यात लोक गावाला गेले? चुकीचा अर्थ काढून त्याने भाव पाडला तर कुणीच न केलेल्या फसवणुकीची शिक्षा दोघांना होते. अशा वेळी फक्त आपला खप बघून चालत नाही, समोरच्याचा अंदाज घ्यावा लागतो. घाऊक व्यापाऱ्याकडून त्याने किती गोण्या उचलल्या यावरून बरंच कळतं. दोघांचाही खप घटला असेल तर गिऱ्हाईकच कमी झालं आहे. आपला घटला आणि त्याचा वाढला असेल तर भावाकडे बघा.

मग दोघांनी सरळ बसून ‘४६ च्या खाली जायचं नाही’ असं ठरवलं तर? तर तो कायद्याने गुन्ह्यासारखाच गंभीर भंग ठरतो. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ नुसार स्पर्धकांनी किंमत ठरवण्यासाठी केलेला करार स्पर्धेला बाधक आहे असंच गृहीत धरलं जातं, आणि करार लेखी असायला लागत नाही. विद्यार्थ्यांना हे स्पष्ट माहीत हवं, कारण पेचातून सुटायचा हा मार्ग कागदावर सर्वांत सोपा दिसतो. न बोलता एकमेकांकडे बघून भाव ठेवणं वेगळं आणि बोलून ठरवणं वेगळं. नफा दोन्हीकडे तेवढाच असला तरी कायदा फरक करतो.

कायद्याच्या दृष्टीने अशा संगनमताची अडचण म्हणजे पुरावा. ठरलेलं तोंडी असतं, आणि बोललेले दोघंही गप्प राहतात. त्यावर याच कायद्याच्या कलम ४६ मध्ये जो उपाय आहे तो थेट टकर यांच्या गोष्टीतला आहे. संगनमतातला जो पहिल्यांदा स्पर्धा आयोगाकडे येऊन पूर्ण माहिती देईल, त्याचा दंड १०० टक्क्यांपर्यंत माफ होऊ शकतो. दुसऱ्याला ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, तिसऱ्याला ३० टक्क्यांपर्यंत. टॉर्चमध्ये आणि घड्याळात घालतो त्या ड्राय सेल बॅटऱ्यांच्या बाबतीत हेच घडलं. पॅनासोनिक, एव्हरेडी आणि निप्पो यांनी मिळून किमती ठरवल्या असा निर्णय आयोगाने २०१८ मध्ये दिला. पॅनासोनिक पहिल्यांदा माहिती घेऊन पुढे आली होती, तिचा दंड पूर्ण माफ झाला. २०१६ मध्ये आयोगाने छापे घातल्यानंतर बाकीच्या दोघांनीही अर्ज केले. एव्हरेडीला ३० टक्के सूट मिळाली, निप्पोला २० टक्के.

मूळ गोष्टीपेक्षा इथे एक फरक आहे आणि तो मुद्दाम ठेवलेला आहे. टकर यांच्या कैद्यांनी दोघांनी कबुली दिली तर दोघांना सारखीच शिक्षा होते, म्हणून घाई करायचं कारण नसतं. कलम ४६ मध्ये क्रमाला किंमत आहे. त्यामुळे किंमत ठरवायला एकत्र बसलेल्या प्रत्येक कंपनीला दोन गोष्टींची भीती वाटते, बाकीच्यांपैकी कुणी बोलेल का आणि आपल्या आधी बोलेल का. संगनमत जितक्या जास्त कंपन्यांचं, तितकी ही भीती मोठी.